म की भ? : एकदा चौपट आणि दोनदा दुप्पट

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे एका जुन्या समूहछायाचित्राची फाइल घेऊन आल्या. मूळ छायाचित्र भिंतीच्या ओलीने खराब होऊन कधीच टाकून दिले गेले होते. कुणीतरी फार पूर्वी ते स्कॅन करून नातेवाइकांना पाठवले होते, तेवढी एक जेपीईजी फाइल उरली होती. रुंदी १२४० पिक्सेल, उंची ८२०. आठ-आठच्या तीन रांगांत चोवीस बायका, आणि खाली पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली नावांची पट्टी. पट्टीच्या मथळ्यात ‘महिला मंडळ’ एवढे सहज वाचता येत होते. मागच्या रांगेत डावीकडून पाचव्या मुलीचे नाव पुसट झाले होते. आडनाव मात्र अर्धेमुर्धे दिसत होते : ‘मोरे’ किंवा ‘भोरे’.

बाईंच्या आजीचे माहेरचे आडनाव भोरे. आजीचे लग्नाआधीचे एकही छायाचित्र घरात नाही. “भ असेल तर ही आमची आजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोठं करून बघता ना? मग एवढं एक अक्षर वाचून द्या.”

जुनी छायाचित्रे आणि हस्तलिखितांच्या प्रती संगणकावर मोठ्या करून वाचण्याचे काम मी आठ-दहा वर्षे करतो आहे. यातले शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. चुकत चुकत शिकलो. त्या अक्षराच्या निमित्ताने मला एका प्रश्नाचा नीट छडा लावावा लागला. आजवर मी तो सवयीने सोडवत होतो. चित्र चौपट मोठे करायचे असेल, तर न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या अपस्केलरला एकदाच चौपट करायला सांगावे, की दुपटीचे मॉडेल एकापाठोपाठ दोनदा चालवावे? गणिताने दोन्ही सारखेच. चित्रात मात्र सारखे नाही.

मोठे करणे म्हणजे काय

चित्र चौपट करतो तेव्हा त्याची रुंदी चौपट होते आणि उंचीही. म्हणजे मूळच्या एका पिक्सेलच्या जागी सोळा पिक्सेल बसवायचे असतात. आपल्याकडे माहिती एकाची, जागा सोळांची. जुन्या, साध्या पद्धतीत (तिला ‘बायक्युबिक’ म्हणतात) शेजारच्या पिक्सेलांच्या छटा प्रमाणात मिसळून ही जागा भरली जाते. चित्र मोठे होते, पण धूसर राहते. त्यात नवे काही येत नाही, आणि खोटेही फारसे काही येत नाही.

न्यूरल अपस्केलर निराळ्या वाटेने जातो. त्याला शिकवताना हजारो स्पष्ट चित्रे घेतात, त्यांच्या मुद्दाम बिघडवलेल्या लहान प्रती करतात, आणि लहान प्रतीवरून मूळ चित्र ओळखायला लावतात. अशा रीतीने तो ‘असा डाग बहुतेक वेळा कशाचा असतो’ हे शिकतो. २०१४ साली डाँग, लॉय, हे आणि टँग यांनी मांडलेल्या छोट्या नेटवर्कपासून या मार्गाची सुरुवात धरतात. पुढच्याच वर्षी जपानी रेखाचित्रांसाठी ‘वायफू२एक्स’ हे साधन आले आणि घरोघरच्या हौशी लोकांपर्यंत पोचले. त्याचे काम दुप्पट करण्याचे. चौपट हवे असेल तर तेच दोनदा चालवायचे. दोन फेऱ्यांची सवय अनेकांना तिथेच लागली, मलाही.

सवय वाईट नव्हती, कारण रेखाचित्राला ती मानवते. एकरंगी पृष्ठभाग आणि स्वच्छ रेघ. पहिल्या फेरीत रेघ बरोबर आली, तर दुसऱ्या फेरीला चुकायला जागा उरत नाही. छायाचित्राचे तसे नाही. आणि शाई पसरलेल्या, दाबून साठवलेल्या पट्टीचे तर मुळीच नाही.

मधल्या पायरीवर काय होते

मी वापरतो ते ‘रिअल-ईएसआरगॅन’. २०२१ साली ते प्रसिद्ध झाले आणि कोणालाही मोफत मिळते. त्याच्या चौपटीच्या मॉडेलची रचना पाहिली तेव्हा मला आश्चर्य वाटले. तेही आतून चित्र एकदम चौपट करत नाही. आधी मूळ आकारातच तेवीस मोठ्या टप्प्यांतून चित्राचा विचार होतो, मग एकदा दुप्पट, आणि लगेच पुन्हा एकदा दुप्पट. म्हणजे ‘एकदा चौपट’ हीदेखील दोन दुपटींचीच बेरीज आहे. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो तो दोन दुपटींच्या मधल्या पायरीवर. एकाच फेरीत काम चालते तेव्हा त्या मधल्या पायरीवर चित्र नसतेच. तिथे प्रत्येक ठिकाणासाठी चौसष्ट आकडे असतात. ‘इथे उभी कड असावी’, ‘इथे कदाचित वळण असावे’ अशा कलांच्या त्या नोंदी म्हणा. एकाच जागी कड असण्याचा आणि नुसता डाग असण्याचा, असे दोन्ही कल शेजारी शेजारी राहू शकतात. निर्णय शेवटच्या पायरीवर होतो, आणि तोवर मूळ पुरावा हाताशी असतो.

दोन फेऱ्या वेगवेगळ्या चालवल्या की मधल्या पायरीवर पक्के चित्र तयार करावे लागते. लाल, हिरवा, निळा असे तीनच आकडे, आणि प्रत्येकाच्या मोजक्या २५६ छटा. चौसष्ट नोंदींत ‘कदाचित’ मावते, या तीन आकड्यांत मावत नाही. डागाची कड करायची की नाही, हे पहिल्या फेरीला त्या क्षणी ठरवावेच लागते. दुसऱ्या फेरीसमोर मूळ चित्र नसतेच, पहिलीचा निकाल असतो. पहिल्या फेरीत एका पिक्सेलचे चार झाले, त्यांत तीन अंदाजाचे. त्या चारांचे दुसरी फेरी सोळा करते आणि चारही खरेच होते असे समजते. कोर्टात ऐकीव गोष्ट साक्ष म्हणून नोंदली जावी, तसे हे होते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. या मॉडेलला शिकवताना बिघडवलेली चित्रे दिली होती : धूसर केलेली, दाणे टाकलेली, जेपीईजीने दाबलेली. म्हणून समोर येणारे चित्र बिघडलेले आहे असेच ते धरून चालते, आणि साफ करू लागते. दुसऱ्या फेरीला मिळते आधीच साफ केलेले चित्र. त्यात उरलेसुरले कागदाचे दाणे, कापडाचा पोत, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हे सारे पुन्हा एकदा ‘बिघाड’ म्हणून पुसले जाते, आणि पहिल्या फेरीत जी कड जराशी जास्त उठली ती आणखी उठते. दोन फेऱ्यांच्या चित्रातले चेहरे मेणाचे दिसतात ते यामुळे.

पायरीपायरीने मोठे करणे हेच मुळात चूक आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०१७ सालच्या ‘लॅपएसआरएन’ या नेटवर्कमध्ये चित्र मुद्दाम पायऱ्यांनीच वाढवले जाते, पण तिथे सगळ्या पायऱ्या एकत्र शिकवलेल्या असतात. पहिली पायरी कुठे चुकते हे दुसरीला ठाऊक असते. आपण बाहेरून एकच मॉडेल दोनदा चालवतो तेव्हा ती ओळख नसते.

प्रयोग करताना पडणारे दोन खड्डे

पट्टीवर दोन्ही मार्ग चालवून पाहायचे ठरवले. आज्ञा अशा :

```
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i patti.png -o ekda
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x2plus -s 2 -i patti.png -o don1
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x2plus -s 2 -i don1/patti_out.png -o don2
```

पहिली ओळ एकदा चौपट करते. दुसरी आणि तिसरी मिळून दोनदा दुप्पट. यात `-s 2` विसरला तर पहिला खड्डा. हा आकडा दिला नाही तर आज्ञा तो ४ धरते, मॉडेल दुपटीचे असले तरी. मग मॉडेल चित्र दुप्पट करते आणि उरलेली दुप्पट साध्या पद्धतीने ताणून भरली जाते. फाइल चौपट आकाराची मिळते, आणि आपण समजतो की मॉडेलनेच चौपट केले. माझ्या एका जुन्या तुलनेत नेमके हेच झाले होते. ‘एकच फेरी धूसर येते’ असा निष्कर्ष मी कितीतरी दिवस कवटाळून बसलो होतो. मी ज्याला एक फेरी म्हणत होतो ती अर्धीच फेरी होती.

दुसरा खड्डा मधल्या फाइलचा. हा कार्यक्रम मूळ फाइल ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारात निकाल साठवतो. जेपीईजी दिली की मधला निकालही जेपीईजीत जातो, म्हणजे पुन्हा दाबला जातो. दुसरी फेरी मग त्या दाबण्याच्या खुणाही मोठ्या करते. म्हणून कापून घेतलेली पट्टी मी आधीच पीएनजी प्रकारात साठवली.

आणि यांच्याही आधी एक तपासणी करावी लागते. स्कॅन खरोखर १२४० पिक्सेलांचा आहे, की लहान चित्र कुणी ताणून एवढे केले आहे? चित्र निम्मे करून साध्या पद्धतीने पुन्हा मूळ आकारात आणायचे आणि शेजारी ठेवून पाहायचे. काहीच हरवले नसेल, तर मूळ फाइल पोकळ आहे. अशी फाइल आधी निम्मी करून मग एकदा चौपट करावी. हाती दुप्पटच लागते, पण प्रामाणिक लागते. आमच्या पट्टीत मात्र निम्मे करताच काने आणि मात्रा एकमेकांत मिसळल्या. म्हणजे फाइल पोकळ नव्हती. अक्षरांची उंची अकरा पिक्सेल, म ची रुंदी नऊ. एवढ्यातच जे काय आहे ते होते.

निकाल, आणि त्याची उलटतपासणी

एका फेरीच्या निकालात आडनावाचे पहिले अक्षर गोंधळलेलेच राहिले. डाव्या खांद्याशी करडा, जाडसर डाग. शिरोरेषा तिथे तुटते आहे की फक्त फिकट झाली आहे, सांगता येईना. दोन फेऱ्यांच्या निकालात मात्र तिथे सुबक गाठ आली, शिरोरेषा स्वच्छ तुटली. कुणालाही दाखवले असते तर त्याने भ वाचला असता. मीही वाचला. फोन उचलून बाईंना कळवावे असे वाटले, आणि तेवढ्यासाठीच थांबलो. इतक्या थोड्या पिक्सेलांतून इतके सुबक अक्षर निघाले, याची मला धास्ती वाटली.

पहिली तपासणी उलट प्रवासाची. दोन्ही निकाल पुन्हा एकचतुर्थांश करायचे आणि मूळ पट्टीशी ताडायचे. जो निकाल लहान केल्यावर मूळ पट्टीशी जुळत नाही, तो सरळ बाद. पण दोन्ही जुळले. फरक होता तो शेजारच्या कोऱ्या कागदावरच्या डागांएवढाच. म्हणजे करडा डाग आणि सुबक गाठ, दोन्ही लहान केल्यावर त्याच नऊ-दहा पिक्सेलांत विरून जातात. ही तपासणी खोटे पकडू शकते, खऱ्याला शिक्का मारू शकत नाही. मूळ पट्टीचे दोन्हींशी पटत होते, इतकेच कळले.

दुसरी तपासणी कामी आली. उत्तर आधीच माहीत आहे अशी अक्षरे त्याच पट्टीत शोधायची : तीच शाई, तोच हात, तोच स्कॅन. मथळ्यात ‘महिला मंडळ’. दोन म, दोन्ही नि:संशय. एका फेरीच्या निकालात दोन्ही म जरा ओबडधोबड, पण म च. दोन फेऱ्यांच्या निकालात ‘महिला’चा म सुरेख. आणि ‘मंडळ’च्या म ला डाव्या खांद्याशी गाठ आलेली, शिरोरेषा तुटलेली. वाचायला गेले तर ‘भंडळ’.

असे का व्हावे? मूळ फाइल उघडून पिक्सेल मोजत बसलो. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे दाबते. त्यामुळे जोरात दाबलेल्या चित्रात चौकोनांच्या सीमेवर बारीक पायरी उरते. डावीकडून शून्यापासून मोजले, तर सीमा आठच्या पटीत येतात. ‘महिला’च्या म चा डावा खांदा ५८७ ते ५९० या स्तंभांत, म्हणजे ५८४ ते ५९१ या चौकोनाच्या पोटात. ‘मंडळ’च्या म चा खांदा ६३० ते ६३३ मध्ये, आणि ६३२ वर सीमा. आठ गुणिले एकोणऐंशी. शाई नाही, कागद नाही. ती पायरी फाइल दाबल्याने आलेली. पहिल्या फेरीने तिला कडेची शंका म्हणून धूसर वळण दिले, दुसऱ्या फेरीने त्या वळणाची गाठ केली.

मग आडनावाकडे वळलो. पहिल्या अक्षराचा डावा खांदा ७४२ ते ७४५. सीमा ७४४ वर. आठ गुणिले त्र्याण्णव.

याने ते अक्षर म आहे असे सिद्ध होत नाही, हे मी स्वतःलाही बजावले. खरोखरचा भ नेमका सीमेवर पडला असेल, तरी चित्र असेच दिसेल. सिद्ध झाले ते एवढेच, की या पट्टीत सीमेवर पडलेल्या अक्षराची गाठ हा पुरावा होऊ शकत नाही. एका फेरीतला करडा डाग दिसायला कमी समाधानकारक होता, पण मूळ फाइलला जेवढे माहीत होते तेवढेच तो सांगत होता. दोन फेऱ्यांनी त्यावर ठामपणा चढवला, आणि तो ठामपणा कुठल्याही नव्या माहितीतून आलेला नव्हता.

मग कोणता मार्ग कधी

त्या दिवसापासून मी एक सरळ विभागणी पाळतो. चित्रातून काही वाचायचे असेल, ओळखायचे असेल, तारीख, नाव, चेहरा, तर एकदाच चौपट, आणि शेजारी साधे बायक्युबिक चित्र. न्यूरल चित्रात जे स्पष्ट दिसते त्याची पुसट का होईना खूण साध्या चित्रात दिसली पाहिजे. नसेल तर ते मॉडेलचे, कागदाचे नव्हे.

चित्र भिंतीवर लावायचे असेल तर दोन फेऱ्यांचा मार्ग मी टाकून देत नाही. त्याचा एक मोठा फायदा आहे : मध्ये थांबता येते. पहिल्या फेरीनंतर पाहिले आणि दुप्पट पुरेसे वाटले, तर दुसरी फेरी करायचीच नाही. पुष्कळदा तेच होते. पुढे जायचेच असेल तर मधल्या चित्रात साध्या पद्धतीने दुप्पट केलेले चित्र निम्म्या प्रमाणात मिसळतो. त्याने पहिल्या फेरीचा आगाऊपणा उतरतो आणि मूळचा थोडा पोत परत येतो. डोळ्यांत, हातांत काही विचित्र उमटले असेल तर तेवढा भाग साध्या चित्रातून घेऊन बसवतो, मग दुसरी फेरी. एका फेरीत ही मधली खिडकी मिळत नाही. मात्र न पाहता, न थांबता सलग दोन फेऱ्या चालवायच्या असतील, तर त्या फायद्याचा उपयोग केलाच नाही. उरतात फक्त तोटे.

स्वच्छ रेखाचित्रे, नकाशे, छापील मोठी अक्षरे यांना दोन्ही मार्ग जवळपास सारखेच. आणि चेहरा वीस-पंचवीस पिक्सेलांपेक्षा लहान असेल, तर ओळख पटवण्यासाठी कोणताच मार्ग उपयोगाचा नाही. तेवढ्यात एकेका डोळ्याच्या रुंदीला जेमतेम चार-पाच पिक्सेल येतात. त्यांतून जे डोळे निघतात ते शिकवणीतल्या हजारो चेहऱ्यांचे असतात.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना चारही चित्रे दाखवली : मूळ, साधे, एका फेरीचे, दोन फेऱ्यांचे. दोन फेऱ्यांच्या चित्राशी त्या थबकल्या. “इथे तर भ आहे की!” मी काही न बोलता त्याच चित्रातला मथळा दाखवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि हसल्या. मग बराच वेळ गप्प राहिल्या.

“म्हणजे आजी नाही?”

“असेलही. हे चित्र सांगू शकत नाही एवढंच मी सांगतो. त्या गावची शाळा असेल, मंडळाचं वहीखातं असेल, कुणाकडे याच छायाचित्राची दुसरी प्रत असेल. कागदाची प्रत मिळाली तर ती नव्यानं स्कॅन करू. तिथं या चौकोनांचा त्रास नसेल.”

त्यांना चित्र घरी लावायचे होतेच. छायाचित्राचा भाग मी दोन फेऱ्यांनी केला, मध्ये थांबून, मिसळून, मागच्या रांगेतले चेहरे जवळजवळ साध्या पद्धतीचेच ठेवून. नावांची पट्टी मात्र साध्या बायक्युबिकने मोठी करून खाली जोडली, धूसर होती तशी. छापून घेतलेल्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिले : कोणता भाग कोणत्या मार्गाने मोठा केला, आणि मागच्या रांगेतील पाचवे आडनाव ‘मोरे किंवा भोरे, अनिश्चित’. उद्या घरातल्या कुणाला हे चित्र सापडले, तर माझ्या संगणकाने घातलेली गाठ त्यांच्या आजीच्या नावात जायला नको.